कोथरूडचे वर्तुळ आणि पाषाणचा सहावा डबा

घरपोच सेवा देणाऱ्या व्यवसायाचे सेवाक्षेत्र, म्हणजे ज्या हद्दीत माल पोहोचवण्याचे वचन तो व्यवसाय देतो ती हद्द, पुष्कळदा नकाशाच्या अभ्यासातून नव्हे तर शाळेच्या कंपासपेटीतून जन्माला येते. कंपासचे टोक स्वयंपाकघरावर रोवले जाते, पेन्सिल गोल फिरते आणि ‘पाच किलोमीटरच्या आत कुठेही’ हे वाक्य फलकावर, पत्रकावर आणि मालकाच्या मनावर कोरले जाते. पाच हा आकडा कोठून आला असे विचारल्यास समाधानकारक उत्तर मिळत नाही. चार किलोमीटर मालकाला कोते वाटतात आणि सहा त्याच्या पत्नीला अवाजवी वाटतात, एवढेच तात्त्विक अधिष्ठान त्यामागे असते. मात्र भूमितीला घरगुती तडजोडी मान्य नसतात. पाच किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस किलोमीटर भरते, सहाचे ११३. म्हणजे फलकावर एकच किलोमीटर वाढवून लिहिणाऱ्याने आपल्या डबेवाटप करणाऱ्या मुलाच्या माथी जवळजवळ ४४ टक्के अधिक शहर मारलेले असते, आणि पगार मात्र त्या प्रमाणात वाढवलेला नसतो.

या वर्तुळाचे काय होते हे पाहण्यासाठी पुण्यातील कोथरूडमध्ये, कर्वे पुतळ्याच्या आसपास, दुपारच्या जेवणाचे डबे पुरवणारा एक उद्योग कल्पिला आहे. उद्योग कल्पित असल्याने पुढे येणारे त्याचे आकडेही मानलेले आहेत. टेकड्या, नदी आणि पूल तेवढे खरे आहेत, आणि सगळी अडचण त्यांचीच आहे. कर्वे पुतळ्याभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले की त्याच्या उत्तरेच्या भागात वेताळ टेकडी येते आणि तिच्या पलीकडचे पाषाणही येते. वर्तुळाला टेकडी चढताना दम लागत नाही. वेताळ टेकडीवर मोर आहेत आणि डबे पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे असते तर हे वर्तुळ निर्दोष ठरले असते. परंतु दुचाकीवरच्या मुलाला चांदणी चौकातून किंवा सेनापती बापट रस्त्याकडून वळसा घालावा लागतो आणि कागदावरचे अंतर रस्त्यावर जवळजवळ दुप्पट होते. दक्षिणेकडे मुठा नदी आहे. कर्वेनगरच्या काठावर उभे राहिले असता सिंहगड रस्त्याची बाजू हाकेच्या अंतरावर दिसते, पण डब्याला पोहता येत नसल्यामुळे त्याला राजाराम पुलाकडे जावे लागते, आणि दुपारी साडेबाराला त्या पुलाकडे जाण्याचा बेत केलेले इतर नागरिकही थोडे नसतात.

वर्तुळाचा असा पराभव झाला की व्यवसाय पिन कोडकडे वळतो, कारण सहा आकड्यांमध्ये एक सरकारी गांभीर्य असते. पोस्टल इंडेक्स नंबर ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी होते. पाणिनीच्या सूत्रांइतकाच आटोपशीरपणा या क्रमांकात दिसतो तो कदाचित त्यामुळेच. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पिन कोड पत्रे वेगळी करण्यासाठी निर्माण झाला असून त्याच्या मुळाशी जमिनीचा तुकडा नाही, तर एका कार्यालयातून निघणाऱ्या पोस्टमनांच्या फेऱ्या आहेत. पत्र सकाळी आले काय आणि दुपारी आले काय, त्याची आमटी होत नाही. डब्याचे तसे नाही. ४११०२१ हा एकच क्रमांक बावधनच्या पत्त्यांवरही आढळतो आणि पाषाणच्या पत्त्यांवरही. कोथरूडहून पौड रस्त्याने निघालेल्या मुलाला चांदणी चौक ओलांडला की बावधन लगेच लागते, पण पाषाणला जाण्यासाठी त्याला पुढे टेकडीची प्रदक्षिणा चालू ठेवावी लागते. क्रमांकाच्या दृष्टीने दोघे एकाच घरातले, गरम भाताच्या दृष्टीने दूरचे नातेवाईक.

आता जाहिरातीचा विषय. गूगलवर जाहिरात देणाऱ्याला आपली जाहिरात कोणत्या वर्तुळात किंवा कोणत्या पिन कोडमध्ये दिसावी हे निवडता येते, आणि महिनाअखेर प्रत्येक ठिकाणासमोर ती किती वेळा दिसली, किती जणांनी तिच्यावर बोट ठेवले, त्यांतून किती मागण्या आल्या आणि किती पैसे गेले, असा तक्ता मिळतो. नकाशावर व्यवसायाचे ठिकाण नोंदलेले असेल तर ग्राहक त्या ठिकाणापासून किती अंतरावर होता याचाही वेगळा अहवाल मिळू शकतो. हा तक्ता पाहिल्यावर मालकाला जो आनंद होतो तो पंचांग प्रथमच उघडणाऱ्या मनुष्याच्या आनंदासारखा असतो: सगळे आधीच लिहिलेले आहे, आता फक्त मुहूर्त काढायचा. परंतु तक्त्यातील ठिकाण हे पडद्याचे ठिकाण आहे, दाराचे नव्हे. जाहिरात ज्या फोनवर वा संगणकावर दिसली तो त्या क्षणी कोठे होता, याचा उपग्रह, वायफाय, इंटरनेटच्या जोडणीचा पत्ता अशा खुणांवरून बांधलेला तो अंदाज असतो. कचेरीच्या संगणकावरून जेवण मागवणारा गृहस्थ हिंजवडीत मोजला जातो आणि त्याचा डबा कोथरूडात त्याच्या वडिलांकडे जातो.

यात भर घालणारी एक बारीक निवड जाहिरात-खात्याच्या तळाशी दडलेली असते. ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’ असे तिचे नाव असून ती बहुधा आधीपासूनच निवडलेली असते. तिचा अर्थ असा की निवडलेल्या भागात असणाऱ्यांनाच नव्हे, तर त्या भागाविषयी रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसेल. कोथरूडविषयी रस दाखवणाऱ्यांची संख्या कोथरूडच्या लोकसंख्येपुरती मर्यादित नाही, हे कोणत्याही मराठी वाचकाला पटवून द्यावे लागू नये. न्यू जर्सीत बसलेला पुत्र ‘कोथरूड घरगुती डबा’ असे शोधतो, जाहिरात त्याला दिसते आणि तक्त्यात एक परदेशी नोंद उमटते. शिस्तप्रिय सल्लागार ती पाहून ही निवड तत्काळ बंद करण्याचा आदेश देतो, आणि बहुतेक व्यवसायांच्या बाबतीत तो आदेश योग्यच असतो, कारण रस दाखवणारे सगळेच जेवायला येत नाहीत. डब्याच्या धंद्यात मात्र हाच पुत्र तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरणारा ग्राहक निघतो. जेवणारी आई मयूर कॉलनीत असते, पैसे देणारा समुद्रापार असतो आणि चव कशी आहे याबद्दलची तक्रार दोन्हीकडून येते. म्हणून सेवाक्षेत्राच्या कामासाठी जाहिरातीचा तक्ता एकटा वाचणे व्यर्थ आहे. मागणी कोणत्या जाहिरातीवरून आली याची खूण ऑर्डरच्या वहीत उतरवली पाहिजे आणि प्रत्येक मागणीसमोर दोन रकाने असले पाहिजेत: बोट कोठून लागले आणि डबा कोठे गेला. जाहिरात कोठे दाखवावी हे पहिल्या रकान्यावरून ठरते आणि हद्द कोठे आखावी हे दुसऱ्यावरून.

दोन रकाने शेजारी आले की हिशेब सुरू होतो. कल्पिलेल्या उद्योगात नवा ग्राहक प्रथम एका आठवड्याचे सहा डबे घेतो, त्याचे ८४० रुपये देतो, आणि शिधा, इंधन, बांधणी वजा जाता त्यातील ३६० रुपये उरतात असे मानू. जाहिरातीच्या तक्त्यानुसार कोथरूडच्या ४११०३८ मधील एक नवा ग्राहक मिळवण्यास २०० रुपये लागले आणि पाषाणच्या बाजूचा ग्राहक ११० रुपयांतच मिळाला. येथपर्यंतचा अहवाल वाचून मालक पाषाणच्या दिशेने अधिक पैसे सोडतो. त्याला दोष देता येत नाही, कारण पाषाणचा ग्राहक जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतो आहे आणि स्वस्त मिळणाऱ्या वस्तूपुढे विवेक टिकवणे पुणेकरालाही सोपे नाही. परंतु वाटपाचा खर्च जाहिरात-खात्याला ठाऊकच नसतो. दुचाकीवरच्या मुलाचा तास पेट्रोलसह १२० रुपयांना पडतो असे धरले, तर कोथरूडात तासाला दहा डबे पोहोचतात आणि डब्यामागे १२ रुपये येतात. पाषाणला नुसते जाण्यायेण्यात ४५ मिनिटे जातात, मग प्रत्येक दाराशी पाच. तीनच डबे असतील तर सगळा तास त्यांतच संपतो आणि डब्यामागे ४० रुपये पडतात. आठवड्याच्या सहा डब्यांचे वाटप कोथरूडात ७२ रुपयांचे आणि पाषाणात २४० रुपयांचे झाले. उरलेल्या ३६० मधून जाहिरात आणि वाटप दोन्ही वजा केली की महागड्या कोथरूडकराकडून ८८ रुपये हाती राहतात आणि स्वस्तात मिळालेल्या पाषाणकराकडून १०. दुसऱ्या आठवड्यापासून जाहिरातीचा खर्च नसतो, तेव्हा हेच आकडे २८८ आणि १२० होतात. ग्राहक टिकला तर दरी अशी दर आठवड्याला नव्याने उघडी पडते.

या टप्प्यावर पाषाणला वर्तुळाबाहेर काढण्याचा मोह होतो, आणि अनेक सेवाक्षेत्रे याच मोहातून आखली गेली आहेत. परंतु ४० रुपयांचा आकडा हा पाषाणचा स्वभाव नसून तीन या संख्येचा आहे. तेथे सहा डबे एकाच फेरीत जाऊ लागले, तर ४५ मिनिटे जाण्यायेण्याची आणि ३० मिनिटे दारांची अशी ७५ मिनिटे होतात, फेरी १५० रुपयांना पडते आणि डब्यामागे २५ रुपये येतात. मग पहिल्या आठवड्यातच पाषाणकरामागे १०० रुपये उरतात आणि तो कोथरूडकराच्या पुढे जातो. पाच डब्यांवर गणित ८२ रुपयांशी अडते, म्हणजे सगळा निकाल सहाव्या डब्यावर आहे. (दुसऱ्या आठवड्यापासून कोथरूड पुन्हा पुढे जाते हे खरे, पण कोथरूडात स्पर्धक इतके आहेत की तेथे नवा ग्राहक मिळवणे हीच मुळात लढाई आहे, आणि मालकाला दोन्हींपैकी एक निवडायचे नसून दोन्ही हवे आहेत.) ग्रामीण महाराष्ट्राने हा प्रश्न कोणत्याही तक्त्याशिवाय फार पूर्वी सोडवला असून त्या उत्तराला वडाप म्हणतात: जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि किती माणसांना ‘भरली’ म्हणायचे याबद्दल चालकाचे मत अंतिम असते.

तक्त्यातील आणखी एक ओळ वेगळ्या कारणाने फसवी असते. सिंहगड रस्त्यावरील आनंदनगरचा भाग ४११०५१ मध्ये येतो आणि तेथून पहिल्या महिन्यात जाहिरातीवर ६० वेळा बोट लागले, पण मागणी एकही आली नाही, असे समजू. शून्य हा आकडा मालकाला फार बोलका वाटतो. नदीपलीकडचे लोक घरीच जेवतात, असा समाजशास्त्रीय निष्कर्ष तो त्याच दिवशी काढतो. संख्याशास्त्रात अशा प्रसंगासाठी तीनाचा नियम आहे: एखादी गोष्ट अमुक वेळा पाहूनही एकदाही घडली नसेल, तर तीनाला त्या संख्येने भागून येणाऱ्या प्रमाणापर्यंत ती खरोखर घडत असू शकते, आणि हे विधान सुमारे ९५ टक्के खात्रीने करता येते. तीन भागिले साठ म्हणजे पाच टक्के. उद्योगाचा एरवीचा दर शंभरामागे चार मागण्यांचा असेल, तर आनंदनगरचा शून्य त्या चाराच्या पोटात सहज मावतो. तो दुष्काळ नसून निव्वळ योगायोग असू शकतो. किमान ७५ वेळा बोट लागेपर्यंत शून्याला बोलू देऊ नये, आणि शक्य असेल तर त्याहून दुप्पट थांबावे. १५० नंतरही सहाच्या जागी एकच मागणी दिसली, तर मात्र काहीतरी खरोखर बिघडले आहे असे मानण्यास हरकत नाही.

बिघडले कोठे, हे मात्र तेव्हाही तक्ता सांगत नाही. कल्पित उद्योगात १५० नंतर एकच मागणी राहिली आणि मालक पिन कोड वगळण्याच्या बेतात होता. तेवढ्यात कोणीतरी ग्राहकाच्या बाजूने तीच मागणी करून पाहिली. ४११०५१ टाकताच संकेतस्थळ ‘डबा पोहोचण्याची वेळ दुपारी पावणेदोन’ असे अत्यंत प्रामाणिकपणे सांगत होते, कारण वाटपाची फेरी कोथरूडपासून सुरू होऊन शेवटी पुलापलीकडे जात असे. पावणेदोनपर्यंत भूक थांबवून धरणारी माणसे सिंहगड रस्त्यावरच काय, पुणे जिल्ह्यात फारशी नाहीत. फेरी उलटी केली, राजाराम पूल पावणेबारालाच ओलांडला आणि कोथरूड नंतर घेतले, की तोच पिन कोड चार टक्क्यांच्या घरात येतो. पिन कोडनिहाय निकालांत लोकांच्या आवडीनिवडीइतकीच स्वतःच्या कारभाराची छायाही पडलेली असते, आणि ती बहुधा फेरीच्या शेपटाकडील भागांवर पडते.

सेवाक्षेत्राबाहेरच्या भागांविषयी जाहिरातीचा अहवाल पूर्ण मौन पाळतो, आणि हे मौन संमतीदर्शक मानण्याची चूक सर्वत्र होते. जेथे जाहिरात दाखवलीच नाही तेथून मागणी येणार नाही. मागणी नाही म्हणून तेथे जाहिरात दाखवायची नाही. आणि बोली लावण्याचे काम यंत्रणेवर सोपवले असेल तर मागण्या येतात तिकडेच ती पैसे नेते आणि आखलेल्या हद्दीच्या आतही काही भाग हळूहळू अंधारात जातात. यावर उपाय जाहिरात-खात्यात नाही, तो संकेतस्थळावरच्या एका उपेक्षित चौकटीत आहे. ‘आपला पिन कोड टाका’ असे म्हणणारी ती चौकट हद्दीबाहेरच्या माणसाला ‘क्षमस्व’ म्हणून परत पाठवते, आणि ज्याला परत पाठवले त्याची नोंद ठेवण्याची गरज तिच्या कर्त्याला वाटलेली नसते. वास्तविक नाकारलेल्या पिन कोडांची यादी हा हद्द वाढवण्यासाठी हाती असलेला सर्वांत मोलाचा कागद होय, कारण त्या माणसांनी रस दाखवून, बोट ठेवून, सहा आकडे टाइप करून मग नकार घेतलेला असतो.

हे सर्व विचारात घेऊन हद्द पुन्हा आखायची झाल्यास तिचा आकार कोणत्याही भूमितीच्या पुस्तकात सापडणार नाही असा होतो. पौड रस्त्याच्या बाजूने ती चांदणी चौक ओलांडून बावधनपर्यंत जीभ बाहेर काढते, उत्तरेला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी थबकते आणि दक्षिणेला केवळ राजाराम पुलाच्या रुंदीतून पलीकडे उतरून तेथे पसरते. ४११०२१ हा पिन कोड अर्धा ठेवून अर्धा वगळण्याची सोय जाहिरात-खात्यात नसल्याने तेथे पिन कोड काढून टाकून बावधनभोवती लहान वर्तुळ टाकावे लागते. वर्तुळ फार लहान केले तर जाहिरात जवळजवळ दिसेनाशी होते, म्हणून दोनेक किलोमीटर ठेवून थोडी सांडलवंड सोसावी लागते. संकेतस्थळावरच्या चौकटीत पिन कोडच्या जोडीला वसाहतीचे नावही विचारावे लागते, नाहीतर चौकट पाषाणला होकार देते आणि मुलगा चांदणी चौकात थांबून फोन करतो. आणि प्रत्येक मालकाच्या हद्दीला एक अनाकलनीय शेपूट असते, जे कोणत्याही अहवालाने कापले जात नाही. त्याच्या टोकाशी बहुधा आत्याबाईंचे घर असते.

पाषाणसाठी वडापचे तत्त्व स्वीकारण्यात आले. तेथील पिन कोड आणि वसाहत टाकणाऱ्यास ‘क्षमस्व’ऐवजी ‘सहा जण जमले की फेरी सुरू होईल, आपले नाव नोंदवा’ असे उत्तर मिळू लागले आणि नोंदी जमू लागल्या. तीन पहिल्या आठवड्यात आल्या, चौथी आणि पाचवी त्यानंतर एकाच इमारतीतून आल्या, ज्यामुळे एका दाराची पाच मिनिटेही वाचणार होती. सहावी नोंद आली त्या दिवशी फेरीची वेळ ठरली, मुलाला रस्ता समजावून देण्यात आला आणि पत्ते पक्के करण्यासाठी प्रत्येकाला दूरध्वनी करण्यात आला. सहाव्या बाईंनी आपला पिन कोड आणि आपली वसाहत बरोबर टाकली होती, कारण चौकटीत ‘आपला पिन कोड’ आणि ‘आपली वसाहत’ एवढेच विचारले होते. डबा मात्र त्यांना आईसाठी हवा होता आणि आई कोथरूडात, कर्वे पुतळ्यापासून चालत चार मिनिटांवर राहत होती.